रेंजबाहेरचा नकाशा

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारा नकाशा सलग चित्र नसतो. पडद्यावर मावतील तेवढे चौकोनी तुकडे दूरच्या सर्व्हरवरून मागवले जातात आणि एकमेकांना खेटून मांडले जातात. अशा एका तुकड्याला टाइल म्हणतात. तिची बाजू बहुधा २५६ पिक्सेल असते. शून्य क्रमांकाच्या झूम पातळीवर सगळे जग एकाच टाइलमध्ये बसते. पुढच्या पातळीवर त्या टाइलचे चार भाग होतात, त्यापुढच्या पातळीवर त्या प्रत्येकाचे पुन्हा चार. नकाशावर दोन बोटे फाकवली की ॲप खालच्या पातळीच्या टाइल मागवते. प्रत्येक टाइलची ओळख तीन आकड्यांत सांगता येते: पातळी, डावीकडून कितवा स्तंभ आणि वरून कितवी ओळ. गूगलने २००५ साली आपला नकाशा आणल्यानंतर ही पद्धत रूढ झाली आणि आज बहुतेक सगळे वेब नकाशे तिच्यावरच चालतात.

रेंज गेली की मागणी पोचत नाही आणि पडद्यावर राखाडी चौकोन उरतात. गंमत अशी की फोनला आपली जागा मात्र तेव्हाही कळत असते. जीपीएसचे संकेत थेट उपग्रहांकडून येतात, त्यांना मोबाइलचा टॉवर लागत नाही. उपग्रहांची ताजी माहिती नेटवरून आयती मिळत नसल्याने पहिल्यांदा जागा सापडायला थोडा जास्त वेळ लागतो, इतकाच फरक. म्हणजे निळा ठिपका असतो, पण त्याच्याखाली काही नसते. म्हणून रानात, डोंगरात किंवा दुर्गम पाड्यांवर वापरायच्या ॲपसाठी लागणाऱ्या सगळ्या टाइल आधीच तयार करून एका फाइलमध्ये भरतात आणि ती फाइल फोनवर ठेवतात.

एकाच फाइलमध्ये का, हा प्रश्न रास्त आहे. हजारो टाइल वेगवेगळ्या चित्रफाइली म्हणून फोल्डरांत ठेवता येतातच, आणि पूर्वी तसे करतही असत. पण मेमरी कार्डावर प्रत्येक फाइल ठरावीक मापाचा कप्पा अडवते. कप्पा ३२ केबीचा असेल, तर नुसत्या हिरव्या रंगाची काहीशे बाइटची टाइलही ३२ केबी खाते. वीस हजार बारीक फाइली केबलने फोनवर उतरवणे तेवढ्याच आकाराच्या एका फाइलीपेक्षा कितीतरी सावकाश चालते. मध्येच केबल निघाली, तर काय पोचले आणि काय राहिले हे शोधत बसावे लागते. एक फाइल मात्र पुरी पोचते किंवा पोचत नाही, आणि ते तपासताही येते.

या कामासाठी सर्वांत रुळलेला साचा म्हणजे मॅपबॉक्स कंपनीने तयार करून सर्वांसाठी खुला ठेवलेला एमबीटाइल्स. त्यात नवे यंत्र असे काही नाही. ती एसक्यूलाइटची साधी डेटाबेस फाइल असते. २००० साली आलेला हा छोटा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आधीपासूनच असतो, त्यामुळे फाइल वाचायला वेगळे काही बसवावे लागत नाही. आत मुख्यतः दोन तक्ते असतात:

```
CREATE TABLE metadata (name text, value text);
CREATE TABLE tiles (zoom_level integer, tile_column integer,
                    tile_row integer, tile_data blob);
```

पहिल्या तक्त्यात नकाशाचे नाव, व्याप्ती, टाइलचा प्रकार, सर्वांत वरची आणि सर्वांत खालची पातळी असते. दुसऱ्यात एका ओळीला एक टाइल: तिची ओळख सांगणारे तीन आकडे आणि शेवटच्या रकान्यात खुद्द चित्र. त्या तीन आकड्यांवर सूची बांधलेली असते, म्हणून लाखभर टाइलमधूनही हवी ती क्षणात हाती येते.

फाइल केवढी होणार हे क्षेत्रफळापेक्षा किती खोल पातळीपर्यंत जायचे यावर जास्त ठरते. एक उदाहरण पुरते सोडवून पाहण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेचा मेळघाट म्हणजे सातपुड्याच्या रांगा, धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके आणि त्यांत विखुरलेली कोरकू गावे. तिथल्या घराघरांची नोंद घेणाऱ्या सर्वेक्षकांसाठी नकाशा हवा आहे असे धरू. पूर्व रेखांश ७६.७५ ते ७७.५० आणि उत्तर अक्षांश २१.२० ते २१.७५ एवढा चौकोन घेतला की बहुतेक भाग त्यात येतो.

या अक्षांशावर १४ व्या पातळीची एक टाइल जमिनीवरचा सुमारे सव्वादोन किलोमीटर बाजूचा चौकोन दाखवते. तेवढ्यात रस्ता, नदी आणि गावाची जागा ओळखू येते. १६ व्या पातळीवर टाइलची बाजू सुमारे ५७० मीटर भरते आणि पायवाटा, नाले, गल्ल्या दिसू लागतात. १८ व्या पातळीवर ती १४० मीटरच्या आसपास येते आणि घरे सुटी दिसतात. या चौकोनासाठी १४ व्या पातळीवर हजाराच्या आसपास टाइल लागतात. १६ व्या पातळीवर लागतात सुमारे १५ हजार आणि १८ व्या पातळीवर २ लाख ३६ हजार. एका टाइलला सरासरी २० केबी धरले, तर शून्यापासून १६ पर्यंतच्या सगळ्या मिळून सुमारे २० हजार टाइल ४०० एमबीत बसतात. आणखी दोनच पातळ्या खाली उतरले की टाइल ३ लाखांवर जातात आणि फाइल सहा जीबी ओलांडते. शेवटच्या पातळीचा वाटा नेहमी एकूण टाइलच्या तीन-चतुर्थांशाएवढा असतो. वरच्या साऱ्या पातळ्या मिळून उरलेला एक-चतुर्थांश. वरच्या पातळ्या गाळून जागा वाचवू पाहणाऱ्याच्या हाती म्हणूनच काही लागत नाही.

सहा जीबीची अडचण केवळ जागेची नाही. फॅट३२ पद्धतीने आखलेल्या जुन्या मेमरी कार्डावर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. कार्डावर बारा जीबी मोकळे असतात, तरी जागा नसल्याचा संदेश येतो आणि कॉपी करणारा माणूस बुचकळ्यात पडतो.

यातून वाट निघते ती सर्वेक्षकाला कुठे काय दिसायला हवे, हे विचारल्यावर. जंगलाच्या मधोमध घरे नाहीत, तिथे १८ व्या पातळीचा उपयोग कुणालाच नाही. गावठाण सरासरी एक चौरस किलोमीटरचे आणि अशी शंभर गावठाणे धरली, तर कडेच्या टाइलसह एका गावाला १८ व्या पातळीच्या सुमारे ८० टाइल पुरतात. शंभर गावांच्या झाल्या आठ हजार. १७ व्या पातळीच्या दोन-अडीच हजार त्यात मिळवल्या तरी एकूण फाइल ६०० एमबीच्या आसपास राहते. सहा जीबीचे काम दहाव्या हिश्शात होते, आणि सर्वेक्षकाला काहीच कमी पडत नाही.

मात्र इथे एक खाचखळगा आहे. फाइलच्या माहितीत सर्वांत खालची पातळी १८ असे लिहिले, की ॲप १८ व्या पातळीवर सगळीकडे टाइल शोधते आणि गावाबाहेर पाऊल पडताच नकाशा कोरा होतो. १६ लिहिले, तर ॲप १६ व्या पातळीचीच टाइल ताणून मोठी दाखवते. चित्र धूसर होते, पण नाहीसे होत नाही. उपाय सोपा आहे. दोन फाइली कराव्यात: सगळ्या भागाची १६ पर्यंतची एक आणि फक्त गावठाणांची १७-१८ ची दुसरी, आणि ॲपमध्ये पहिलीवर दुसरीचा थर चढवावा. एका फाइलीचा आग्रह एवढ्यापुरता सोडलेला बरा. दहा हजार सुट्या फाइलींच्या तुलनेत दोन म्हणजे काहीच नव्हेत.

टाइल कुठून आणायच्या याचे एक उत्तर पटकन सुचते आणि ते चुकीचे असते: एखाद्या वेबसाइटवरच्या टाइल उतरवून घ्यायच्या. ओपनस्ट्रीटमॅपची नकाशामाहिती खुली आहे, श्रेय देऊन कुणीही वापरावी. पण त्यांचे टाइल सर्व्हर देणग्यांवर चालतात आणि तिथून घाऊक टाइल उतरवायला त्यांच्या धोरणात मनाई आहे. असे करणाऱ्याची वाट तिथे अडवलीही जाते. गूगलच्या अटीही टाइलचा साठा करू देत नाहीत. रीतसर मार्ग म्हणजे कच्ची माहिती घेऊन टाइल आपणच बनवणे. जिओफॅब्रिक ही जर्मन कंपनी ओपनस्ट्रीटमॅपमधून देशवार आणि प्रदेशवार उतारे काढून विनामूल्य देते. भारताचाही उतारा तिथे मिळतो. तो क्यूजीआयएस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, रस्त्यांना, नद्यांना, गावांना हवे ते रंग-आकार द्यायचे, गावांची, पाणवठ्यांची आपली यादी वर टाकायची आणि त्यातल्याच टाइल बनवण्याच्या साधनाला व्याप्ती आणि पातळ्या सांगायच्या. बाहेर पडते ती थेट `.mbtiles` फाइल.

उपग्रहचित्र पायाला घ्यायचे असेल, तर चित्राची मूळ बारकाई आधी पाहावी लागते. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, पण त्यांचा एक पिक्सेल जमिनीवर दहा मीटरचा असतो. १४ व्या पातळीचा पिक्सेल या अक्षांशावर नऊ मीटरच्या जवळ जातो. म्हणजे त्याखालच्या पातळ्यांत नवे काहीच दिसत नाही. तोच पिक्सेल फुगवून पुन्हा पुन्हा साठवला जातो. उपग्रहचित्रासाठी जीडीएएल या साधनाच्या दोन आज्ञा पुरतात:

```
gdal_translate -of MBTILES -co TILE_FORMAT=JPEG melghat.tif melghat.mbtiles
gdaladdo -r average melghat.mbtiles 2 4 8 16 32
```

पहिली आज्ञा फक्त सर्वांत खालची पातळी भरते, वरच्या पातळ्या दुसरीने तयार होतात. दुसरी विसरली गेली, तर नकाशा जवळून ठीक दिसतो आणि थोडे मागे सरताच गायब होतो. टाइलचा प्रकारही इथेच ठरतो. छायाचित्रासाठी जेपीईजी आटोपशीर पडते, पण त्यात पारदर्शकता नसल्याने चित्राच्या कडेला काळी पट्टी उमटू शकते. रेषा आणि अक्षरांच्या नकाशाला पीएनजी बरे. जेपीईजीत अक्षरांभोवती मळकट डाग पडतात.

दुसरी जात व्हेक्टर टाइलची. तिच्यात चित्र नसते. रस्त्याच्या रेषा, गावाचा बिंदू आणि नाव हे आकड्यांत असते आणि रंगकाम फोन स्वतः करतो. रेषा कितीही मोठी केली तरी फुटत नाही, म्हणून १४ व्या पातळीपर्यंतच्याच टाइल पुरतात. मेळघाटच्या चौकोनात त्या तेराशेच्या आसपास भरतील. दर टाइलला २० केबी धरले तरी २५ ते ३० एमबीत काम आटपते. रस्ते आणि गावे एवढेच हवे असेल, तर हा मार्ग फारच किफायतशीर आहे.

पण मराठी नावांच्या नकाशात व्हेक्टर टाइलची एक दुखरी बाजू उघडी पडते. अशा टाइल दाखवणारी मॅपलिब्रसारखी साधने अक्षरांची चित्रे एकेका चिन्हानुसार साठवतात आणि शेजारी शेजारी मांडतात. इंग्रजीला ते चालते. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिताना आधी येते, जोडाक्षरात दोन चिन्हे मिळून तिसराच आकार होतो. ही जुळणी अनेक आवृत्त्यांत होतच नाही. ‘चिखलदरा’मधली वेलांटी च सोडून ख वर जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून शेजारी पडतो. क्यूजीआयएसमध्ये बनवलेल्या चित्ररूप टाइलमध्ये हा प्रश्न नसतो, कारण तिथे अक्षरजुळणी नीट होऊन मगच चित्र तयार होते. म्हणून देवनागरी नावे महत्त्वाची असतील, तर निदान नावांचा थर तरी चित्ररूप ठेवणे अजून शहाणपणाचे आहे. शिवाय व्हेक्टर नकाशाला रंगकामाचे नियम, चिन्हांचा संच आणि अक्षरसंच हे वेगळे लागतात आणि ते बहुधा नेटवरच्या पत्त्यावरून येतात. ते फोनवर उतरवायचे राहिले, तर रेंजबाहेर रस्ते दिसतात, नावे दिसत नाहीत.

फाइल तयार झाल्यावर सर्वांत वरचेवर अडखळवणारी गोष्ट ओळींच्या मोजणीची असते. वेब नकाशे ओळी वरून खाली मोजतात. एमबीटाइल्सने मात्र टीएमएस हा जुना संकेत उचलला आणि त्यात मोजणी खालून वर चालते. चिखलदऱ्याची १४ व्या पातळीची टाइल घेऊ. तिचा स्तंभ ११७११ आणि वेबच्या मोजणीत ओळ ७१९४. या पातळीवर एकूण १६३८४ ओळी असतात, म्हणून फाइलमध्ये हीच टाइल १६३८३ उणे ७१९४, म्हणजे ९१८९ क्रमांकाच्या ओळीत असायला हवी. ॲपने ही वजाबाकी केली नाही, तर ते फाइलीत ७१९४ शोधते, जी तिथे नसते, आणि पडदा कोरा राहतो. चूक ओळखण्याची खूण सोपी आहे: शून्य पातळीवर एकच टाइल असल्याने उलटे-सुलटे काही होत नाही, जग नीट दिसते, पण एक-दोन पातळ्या आत जाताच भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला उतरलेला दिसतो. चिखलदरा शोधायचेच झाले, तर ते हिंदी महासागरात, दक्षिण अक्षांश २१.४ च्या सुमारास सापडते.

फाइल फोनवर जाण्याआधी संगणकावर तिची एक झडती घ्यावी:

```
sqlite3 melghat.mbtiles "SELECT zoom_level, COUNT(*) FROM tiles GROUP BY zoom_level;"
sqlite3 melghat.mbtiles "PRAGMA integrity_check;"
```

पहिल्या आज्ञेने प्रत्येक पातळीच्या टाइलची संख्या दिसते. खोल पातळ्यांवर ती दर पातळीला साधारण चौपट व्हायला हवी. १५ ला ३८०० आणि १६ ला १५ हजारांऐवजी ९ हजार दिसल्या, तर टाइल बनवण्याचे काम मध्येच तुटले आहे. दुसरी आज्ञा फाइल धड आहे का ते सांगते. उत्तरात `ok` यायला हवे. आणखी एक तपास राहून जातो. टाइल भरताना डेटाबेसने लिखाणाची सोय म्हणून शेजारी `-wal` शेपटीची दुसरी फाइल काढलेली असू शकते. काम पुरे होण्याआधीच मुख्य फाइल एकटी उचलली, तर शेवटी भरलेल्या टाइल त्या शेपटीत मागे राहतात. फाइल उघडते, चूक म्हणून काही येत नाही, फक्त नकाशाला कुठे कुठे भोके असतात. डेटाबेस नीट बंद करून शेपटी मुख्य फाइलीत मिसळू दिली की हा धोका टळतो.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडची एसएचए-२५६ ही खूण ताडून पाहणे हा पोच झाल्याचा खरा पुरावा. अर्धवट उतरलेली फाइल कधी कधी उघडतेही आणि वरच्या पातळ्या दाखवतेही. फुटलेला भाग सर्वेक्षक त्या गावात पोचल्यावरच कळतो. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ॲपला डाउनलोड फोल्डरमधली फाइल थेट डेटाबेस म्हणून सहसा उघडता येत नाही, म्हणून बरीच ॲप ती आपल्या खासगी जागेत उतरवून घेतात. तेवढ्या वेळापुरती दुप्पट जागा लागते. ६०० एमबीच्या फाइलीसाठी सव्वा जीबी मोकळे नसेल, तर काम तिथेच अडते.

शेवटची चाचणी फोनवरच, विमान मोडमध्ये. पण तीही फसवी ठरू शकते. ज्या फोनवर ॲप बनवणाऱ्याने आठवडाभर नेट लावून नकाशा पाहिला आहे, त्याच्या कॅशमध्ये टाइल आणि अक्षरसंच आधीच साठलेले असतात. तिथे सगळे सुरळीत दिसते आणि धारणीच्या पुढे नव्या फोनवर नावे गायब होतात. म्हणून ॲप नव्याने बसवावे, पहिल्यांदा उघडतानाच नेट बंद असावे, आणि मग व्याप्तीचे चारही कोपरे, एखादे गावठाण आणि गावठाणाबाहेरचे जंगल सर्व पातळ्यांवर फिरून पाहावे. कोपरे मुद्दाम तपासायचे, कारण व्याप्ती लिहिताना झालेली बारीक चूक मधोमध दिसत नाही.

अलीकडे ब्रँडन लिऊ यांच्या प्रोटोमॅप्स प्रकल्पातून आलेला पीएमटाइल्स हा साचाही वापरात आहे. तीही एकच फाइल. पण ती डेटाबेस नाही. आतल्या टाइल एका विशिष्ट वळणाने ओळीत रचून सुरुवातीला त्यांची सूची दिलेली असते. सर्व्हरवर ठेवलेल्या अवाढव्य फाइलीतून हवा तेवढाच तुकडा वाचता यावा यासाठी ती घडवली गेली. त्यामुळे जगाच्या फाइलीतून मेळघाटचा चौकोन कापून घेणे एका आज्ञेत होते. उलट तिच्यात एखादीच टाइल बदलता येत नाही, पूर्ण फाइल नव्याने बांधावी लागते. एमबीटाइल्समध्ये एका गावाच्या ऐंशी टाइल तेवढ्या बदलता येतात. आपले थर वरचेवर सुधारायचे असतील, तिथे जुना साचाच सोयीचा पडतो.

सुधारणा होतच राहतात: नवा रस्ता होतो, एखाद्या पाड्याचे पुनर्वसन होते. म्हणून फाइलच्या नावात तारीख घालावी, तीच तारीख आतल्या माहितीतही लिहावी आणि ॲपने ती पडद्याच्या कोपऱ्यात दाखवावी. सर्वेक्षकांनी भरलेल्या नोंदी मात्र या फाइलीत कधीच ठेवू नयेत. नकाशा केवळ वाचण्यापुरता उघडावा आणि नोंदींसाठी वेगळा डेटाबेस असावा. तसे असेल, तर पावसाळ्यानंतर जुना नकाशा पुसून नवा टाकताना एकाही घराची नोंद हलत नाही.